पंपाच्या ग्लँड आणि सीलचे शब्द मराठीत: फिटरच्या कागदावर काय लिहायचं?

उद्यमबाग_मेंटेनन्स

नमस्कार मंडळी. बेळगावात उद्यमबागेत आमचं पंप दुरुस्तीचं काम चालतं. चिकोडी, हुक्केरी, अथणी भागातल्या कारखान्यांचे पंप आमच्याकडे येतात आणि बऱ्याचदा आम्हीच तिकडे जाऊन ते बसवून देतो. तिथले सुरक्षेचे बोर्ड कन्नड आणि इंग्रजीत असतात. ते ठीकच आहे. पण पाळीवरची निम्मी पोरं घरात मराठी बोलणारी, त्यांना पंपाशेजारी चिकटवायला दोन पानी मराठी कागद करून द्या, असं एका साखर कारखान्याने सांगितलंय.

त्यांच्याकडे आधीचा एक मराठी कागद होता. त्यावरचं वाक्य जसंच्या तसं देतो: "ग्लँडमधून गळती दिसल्यास नट त्वरित घट्ट करावेत." वाक्य मराठी म्हणून बरोबर आहे, पण त्याने दोन पंप खाल्ले.

स्प्रे पाँडच्या पंपाला शाफ्टभोवती पाणी अडवायला दोरीचं पॅकिंग आहे. रात्रपाळीच्या हेल्परने थेंब पडताना बघितले, कागद वाचला आणि थेंब थांबेपर्यंत नट आवळले. पहाटे ग्लँडमधून धूर. खोललं तर बाहेरच्या दोन रिंगा जळून कडक झालेल्या आणि स्लीव्हवर नख अडकेल एवढी खाच. शेजारच्या पंपाला गेल्या हंगामात मेकॅनिकल सील बसवलेलं. ते जरा ओघळत होतं, म्हणून त्यानेच सीलवरच्या प्लेटचेही नट आवळले, ज्या बाजूला पान्हा पोचला त्या बाजूचे जास्त. आतली सिरॅमिकची सीट तडकली. पोरगा हुशार आहे, कागदाने सांगितलं तेच त्याने केलं.

म्हणून विचारतो. कोणते शब्द तसेच ठेवायचे, कोणते मराठीत करायचे?

अनुवाद_पुणे

मी तांत्रिक पुस्तिकांची भाषांतरं करते. माझा आग्रह असा की एका वस्तूला एकच शब्द असावा आणि तो शक्यतो मराठी असावा. स्टफिंग बॉक्सला "भरण पेटी", मेकॅनिकल सीलला "यांत्रिक मुद्रा", लँटर्न रिंगला "कंदील कडे", शाफ्टला "दंड". सुरुवातीला अनोळखी वाटतील, पण वापराने रुळतात. तुमच्या वाक्यातला गोंधळ मला "ग्लँड" आणि "नट" हे इंग्रजी शब्द तसेच ठेवल्यामुळे झालेला दिसतो.

जुना_फिटर_खानापूर

ताई, एका वस्तूला एकच शब्द हे तुमचं म्हणणं सोळा आणे खरं. पण गोंधळ शब्द इंग्रजी असल्यामुळे झालेला नाही. आमच्याकडे मराठी पोरगा ग्लँड म्हणतो, कन्नड पोरगाही ग्लँडच म्हणतो. स्लीव्ह, स्टड, बुश, ओ-रिंग हे सगळ्यांच्या तोंडात बसलेत. स्टोअरच्या खिडकीवर "यांत्रिक मुद्रा द्या" म्हटलं तर तिथला माणूस रबरी शिक्का काढून देईल. कागदावर एक आणि खिडकीवर दुसरंच, असं झालं की कागद भिंतीवर राहतो आणि काम तोंडी चालतं.

गोंधळ दुसरीकडे आहे. दोरीच्या पंपात ग्लँड म्हणजे दोरी दाबणारा तुकडा. सीलच्या पंपात स्थिर सीट धरून ठेवणारी प्लेट असते, तिलाही कंपनीच्या पुस्तकात ग्लँडच म्हणतात. दोन्ही त्याच जागी, दोन्हीला नट. पण काम उलटं. दोरीचा ग्लँड हळूहळू आवळत न्यायचा असतो आणि पंपाच्या आयुष्यभर तो अधूनमधून आवळावा लागतो. सीलची प्लेट एकदाच, सगळीकडून सारखी, पुरी बसवायची आणि मग तिला हात लावायचा नाही.

म्हणून माझ्या मते ग्लँड हा शब्द फक्त दोरीच्या पंपासाठी राखा. दुसऱ्याला सरळ "सीलची प्लेट" म्हणा. कंपनीच्या पुस्तकात काय लिहिलंय ते साहेब लोकांनी बघावं.

उद्यमबाग_मेंटेनन्स

काका, हे पटलं. कागदही दोन वेगळे करतो. दोरीच्या पंपाला एक, सीलच्या पंपाला एक, आणि ज्याचा त्याच पंपाजवळ. एकाच कागदावर दोन्ही असले की वाचणारा आपल्याला हवी ती ओळ उचलतो.

आता "गळती"चं काय? तिथेच माझं घोडं अडलंय.

आयटीआय_शिक्षक

गळती म्हणजे गळती. पाणी बाहेर आलं की ती गळतीच. मी मुलांना दोन्हीसाठी हाच शब्द शिकवतो आणि पुढे प्रमाण सांगतो: पॅकिंगला मिनिटाला 40 ते 60 थेंब चालतात, सीलला चालत नाहीत. शब्द बदलण्यापेक्षा आकडा लिहा.

जुना_फिटर_खानापूर

सर, आकडा लिहाच. पण रात्री दोन वाजता पोरगा आकडा वाचत नाही, पहिला शब्द वाचतो. मराठीत गळती म्हटलं की काहीतरी बिघडलं असाच अर्थ होतो. छप्पर गळतं, नळ गळतो, सगळं दुरुस्त करायचं असतं. दोरीतून पडणारं पाणी ही बिघाडाची खूण नाही, ते त्या दोरीचं तेलपाणी आहे. तेच पाणी दोरी आणि स्लीव्हच्या मधून जाऊन दोघांना थंड ठेवतं. ते बंद केलं की दोरी स्लीव्हवर कोरडी घासते, तापते, आतलं वंगण जळतं आणि ती लाकडासारखी कडक होते. मग ती दोरी राहत नाही, कानस होते. तुमच्या स्प्रे पाँडच्या पंपात तेच झालं.

आणि 40 ते 60 हा आकडा सगळ्या पंपांना सारखा लागत नाही. शाफ्ट जाड, वेग जास्त, दाब जास्त, की थेंबही जास्त लागतात. बारीक पंपाला कमीत भागतं. खरी खूण हाताने बघायची. ग्लँडजवळच्या स्टफिंग बॉक्सला पालथा हात लावायचा, फिरत्या शाफ्टपासून लांब. कोमट असेल तर बरोबर. हात ठेववत नसेल तर थेंब कितीही पडोत, नट सैल करा.

अनुवाद_पुणे

मग हव्या असलेल्या पाण्याला "ठिबक" आणि नको असलेल्याला "गळती" असं केलं तर? ठिबकणं यात वाईट अर्थ नाही.

अथणी_ऊसकरी

ठिबक म्हटलं की आमच्याकडे ठिबक सिंचनच डोळ्यापुढे येतं, ताई. पण थेंब थेंब पडलं पाहिजे हे मात्र त्याने लगेच कळेल.

विषय निघालाच आहे तर माझं विचारतो. कृष्णेवर माझा मोनोब्लॉक आहे. मोटर आणि पंप यांच्यामधून पाणी गळतंय. सगळे म्हणतात ग्लँड आवळ. मी सगळीकडून बघितलं, आवळायला नटच सापडत नाही. हा कुठला ग्लँड?

जुना_फिटर_खानापूर

दादा, नट सापडत नाही कारण तुमच्या पंपात ग्लँड नाहीच. आत मेकॅनिकल सील आहे. ते बाहेरून आवळता येत नाही. पंपाचा पुढचा भाग काढून, इम्पेलर ओढून सील बदलावं लागेल. कोणी वरून सुतळी किंवा एम-सील लावायला सांगेल, ते करू नका. तिथून गळलेलं पाणी मोटरच्या बेअरिंगकडे जातं.

मला सांगा, सकाळी पंप सुरू केला की लगेच पाणी येतं का?

अथणी_ऊसकरी

नाही काका. नदीतल्या पाइपच्या टोकाचा फुटबॉल, म्हणजे फूट व्हॉल्व्ह, पाणी धरत नाही. रोज वरून बादलीने पाणी ओततो. कधी घाईत तसाच सुरू करतो, थोडा वेळ हवा मारतो आणि मग धरतो.

जुना_फिटर_खानापूर

तिथेच सील मेलं. सीलच्या दोन चकत्या एकमेकींवर घासत फिरतात आणि त्यांच्यामध्ये पाण्याचा एक पापुद्रा असतो, डोळ्याला न दिसणारा. पंप कोरडा फिरला की तो पापुद्रा उडतो आणि चकत्या तापतात. मग अचानक गार पाणी आलं की सिरॅमिक तडकतं. आधी फुटबॉल बदला, मग सील. उलटं केलंत तर नवं सीलही तसंच जाईल. सील काढल्यावर स्थिर चकती नीट बघा. मधून बाहेर जाणाऱ्या केसासारख्या चिरा असतील तर कोरडं फिरल्याचंच ते लक्षण.

उद्यमबाग_मेंटेनन्स

दादांच्या प्रश्नाने माझं काम सोपं झालं. कागदाची पहिलीच ओळ "हा पंप दोरीचा आहे" किंवा "हा पंप सीलचा आहे" अशी करतो, मोठ्या अक्षरात.

दोरीच्या कागदाचा मसुदा टाकतो. पंप कोणता ते आधी सांगतो. स्लीव्हचा व्यास 50 मिलिमीटर, स्टफिंग बॉक्सचा आतला व्यास 75. फरक 25, त्याचा निम्मा साडेबारा, म्हणजे अर्ध्या इंचाची चौकोनी दोरी. मध्ये लँटर्न रिंग आणि तिला बाहेरून पाण्याची लाइन.

"जुनी दोरी सगळी काढा, तळाची रिंगसुद्धा. स्लीव्हवरून नख फिरवा. नख अडकलं तर स्लीव्ह बदला. दोरी स्लीव्हवर किंवा त्याच जाडीच्या पाइपवर गुंडाळून तिरकी कापा. एक एक रिंग घाला आणि प्रत्येक रिंग तळापर्यंत दाबा. जोड एकाखाली एक येऊ देऊ नका. कंदील रिंग मध्ये घाला. ग्लँड लावा, नट हाताने फिरतील तेवढेच फिरवा. पंप सुरू करा. ठिबक चालू राहिली पाहिजे. ठिबक बंद करू नका."

कुठे चुकतंय?

जुना_फिटर_खानापूर

चांगलं लिहिलंय. तीन ठिकाणी हात लावतो.

पहिलं, पंप सुरू केल्यावर ठिबक नाही, धार आली पाहिजे. नवी दोरी आधी मोकळी वाहू द्यायची. दहा-पंधरा मिनिटांनी दोन्ही नट नटाच्या एका बाजूइतकेच आवळायचे, म्हणजे सहा बाजूंपैकी एक. पुन्हा दहा-पंधरा मिनिटं थांबायचं. पुन्हा एक बाजू. असं करत धारेची ठिबक होईपर्यंत यायचं. यात तास-दीड तास जातो आणि नेमका हाच वेळ कोणी देत नाही. पोरगं एकदाच आवळून चहाला जातं. त्यामुळे कागदावर "थांबा" हा शब्द हवा, आणि ठळक हवा.

दुसरं, कंदील रिंग "मध्ये" म्हणजे कुठे? ती पाण्याच्या भोकाखालीच आली पाहिजे. आत किती रिंगा घालायच्या तो आकडा पंपागणिक बदलतो, म्हणून भोकापर्यंतची खोली मोजायची. आणि ती भोकाच्या बरोबर मध्यावर न ठेवता किंचित बाहेरच्या बाजूला ठेवायची, कारण नट आवळत गेलं की सगळी दोरी दबते आणि रिंग आत सरकते. भोक बुजलं तर पाण्याची लाइन असून नसल्यासारखी. पंप खालून पाणी ओढत असेल तर अशा वेळी दोरीतून हवाही आत जाते. मग पंप हवा धरतो आणि सगळे सक्शन लाइन शोधत बसतात.

तिसरं, कंदील रिंग हे नाव. ताईंचं कडे काढून तुम्ही रिंग केलंत, पण पोरांना कंदील सांगितल्याने काहीच कळत नाही. आम्ही तिला पाण्याची रिंग म्हणतो. कशासाठी आहे ते नावातच आलं.

अनुवाद_पुणे

"पाण्याची रिंग" मला आवडलं. माझ्या शब्दाने आकार सांगितला, तुमच्याने काम सांगितलं. फिटरला काम हवंय. मात्र रिंग हा शब्द दोरीच्या तुकड्यालाही वापरता आहात. तिथे "दोरीचा वेढा" म्हणाल का?

जुना_फिटर_खानापूर

वेढा चालेल. आमच्याकडे "किती वेढे घातलास" असं म्हणतातच.

आयटीआय_शिक्षक

एक शंका. काही ठिकाणी जुनी दोरी न काढता वरून एक वेढा घालतात आणि पंप चालतोसुद्धा. कागदावर "सगळी काढा" लिहिलं तर चालू हंगामात कोणी ऐकणार नाही. कारखाना बंद ठेवता येत नाही.

जुना_फिटर_खानापूर

सर, एखादा वेढा घालून चार दिवस निघतात, खरं आहे. पण तो कुठे बसतो बघा. खालची दोरी आधीच कडक झालेली, ती दाब पुढे सोडत नाही. सगळा दाब बाहेरच्या नव्या वेढ्यावर. जळते ती नेहमी ग्लँडकडची दोरी, आतली कोरी निघते. खोलल्यावर बाहेरचे दोन वेढे काळे आणि आतले नव्यासारखे दिसले, तर समजायचं की वेढे एक एक करून दाबले नव्हते किंवा ग्लँड एकदम आवळला होता. उद्यमबागवाले साहेब, तुमच्या पंपात तेच दिसलं ना?

उद्यमबाग_मेंटेनन्स

हो काका. बाहेरचे दोन जळालेले, तळाचा वेढा हाताने पिळला तर अजून ग्रॅफाइट सुटत होतं.

सरांचा मुद्दा मी असा घेतो: "हंगामात वरून वेढा घातला तर वहीत लिहा, आणि पहिल्या बंदला सगळी दोरी काढा." पूर्ण बंदी लिहून कोणी पाळणार नसेल तर निदान नोंद तरी होईल.

आता सीलचा कागद. त्यात एक शब्द फारच नडतोय. आधीच्या कागदावर "फेसला हात लावू नये, फेस स्वच्छ पुसावा" असं आहे. साखर कारखान्यात फेस म्हणजे रसावरचा फेस! रस पंपाच्या पोराने खरंच विचारलं, कुठला फेस पुसू?

निपाणीकर_शिफ्ट

आमच्याकडेही तेच. मी "कार्बन" आणि "सीट" म्हणतो. कार्बन फिरतो, सीट बसते. सगळ्यांना कळतं.

जुना_फिटर_खानापूर

सगळीकडे चालत नाही, निपाणीकर. रेतीच्या पाण्याला किंवा मळीच्या पंपाला दोन्ही कडक लावतात, सिलिकॉन कार्बाइड वगैरे. तिथे कार्बन शोधत बसेल पोरगा. शिवाय काही सीलमध्ये कार्बनच स्थिर असतो आणि फिरतं दुसरंच.

अनुवाद_पुणे

"फिरती चकती" आणि "बसती चकती"? तुम्हीच वर चकत्या म्हणालात.

निपाणीकर_शिफ्ट

चकती म्हटलं की मला वॉशर आठवतो. पातळ काहीतरी. माझं अजून कार्बनच बरं.

उद्यमबाग_मेंटेनन्स

मी तूर्त फिरती चकती, बसती चकती घेतो आणि शेजारी हाताने काढलेलं चित्र देतो. निपाणीकर, तुमच्याकडे कार्बनच आहे तर तुमच्या कागदावर कार्बन लिहा, काही बिघडत नाही. सीलचा मसुदा:

"हा पंप सीलचा आहे. सीलची प्लेट आवळून गळती थांबत नाही. चकत्यांच्या चकाकत्या बाजूला बोट लावू नका. मऊ स्वच्छ कपड्यानेच पुसा. प्लेटचे नट समोरासमोरचे आळीपाळीने आवळा, चारही बाजूंची फट सारखी ठेवा. पंपात पाणी भरल्याशिवाय बटण दाबू नका. सुरू केल्यावर पहिली काही मिनिटं एखादा थेंब आला तर वाट बघा. थांबला नाही तर पंप बंद करा आणि फिटरला बोलवा."

जुना_फिटर_खानापूर

दुसरी ओळ एकदम बरोबर, ती पहिल्या ओळीइतकीच मोठी लिहा.

फिटरसाठी मागच्या बाजूला दोन गोष्टी घाला. एक, पंप बंद असताना, आत दाब असताना गळतं का ते बघायचं. बंद असतानाही तसंच गळत असेल तर चकत्यांना दोष देण्याआधी प्लेटखालचं गॅस्केट आणि स्लीव्हच्या आतली ओ-रिंग बघायची. फक्त फिरताना गळत असेल तर शाफ्ट डुलतोय का, कपलिंग सरळ आहे का, हे आधी. दोन, सील काढल्यावर चकतीवर घासल्याचं रिंगण बघायचं. अरुंद चकतीच्या रुंदीपेक्षा समोरच्या चकतीवरचं रिंगण रुंद दिसलं तर शाफ्ट डुलतोय. रिंगण एकाच बाजूला गडद असेल तर प्लेट वाकडी आवळलेली आहे.

आणि स्प्रिंग किती दाबायची ते माप. सील बसवताना शाफ्टवर खूण करून बारके स्क्रू आवळतात ना, ती खूण चुकली तर बाकी सगळं बरोबर असून सील गळतं. ते माप प्रत्येक सीलचं वेगळं, कंपनीच्या कागदावरून घ्यायचं. अंदाजाने नाही.

आयटीआय_शिक्षक

त्या मापाला तुम्ही काय म्हणता? आम्ही "सेटिंग" म्हणतो, पण मुलं त्यात टाइमिंग, टॅपेट सगळंच घालतात.

जुना_फिटर_खानापूर

मी "स्प्रिंगचा दाब" म्हणतो. माप मात्र खुणेपासून मोजतात, स्प्रिंगवर कोणी पट्टी लावत नाही. म्हणून "खुणेचं माप" असंही म्हणणारे आहेत. दोन्ही चालतात का, एकच ठेवायचं, ते तुम्ही ठरवा.

उद्यमबाग_मेंटेनन्स

"खुणेचं माप" घेतो, कारण पोरगा खूणच करणार आहे.

काका, एक राहिलं. दोरीच्या कागदावर "ठिबक" ठेवू का "थेंब"? अथणीचे दादा म्हणतात सिंचन आठवतं.

अथणी_ऊसकरी

ठिबकच ठेवा. आमच्या भागातल्या कुठल्याही पोराला विचारा, ठिबक बंद पडली की पीक जळतं हे त्याला माहीत आहे. दोरीचंही तेच म्हणताय ना तुम्ही? माझा फुटबॉल काल बदलला. सील रविवारी काढतो, चिरा दिसल्या तर इथे फोटो टाकतो.

निपाणीकर_शिफ्ट

दोन्ही कागद झाले की इथे टाका, साहेब. आमच्या शिफ्टला कन्नडचा एक चांगला फिटर आहे, तो हेच कन्नडात उतरवून देतो म्हणाला. ग्लँड, स्लीव्ह, स्टड तसेच राहतील. ठिबक आणि गळतीला त्याच्याकडे दोन वेगळे शब्द आहेत का ते त्याला विचारतो.